बाटली कोणी भरली?

नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून पदवीच्या वर्गांना 'फील्ड प्रोजेक्ट' आले आणि कल्याण-डोंबिवली परिसरातल्या विद्यार्थ्यांना नद्यांची आठवण झाली. उल्हास आहे, वालधुनी आहे, आणि टिटवाळ्याला काळू आहे. पावसाळ्यात रुंदे पुलावरून पाणी गेले आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला, अशी बातमी आपण वाचतो ती याच नदीची. पावसाळा सरला की तिच्या काठी बाटल्या घेऊन उभे राहायला ही चांगली जागा आहे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हे मोजायचे. प्रयोग जुना, खात्रीचा, महागड्या यंत्राशिवाय होणारा. सोळा जणांच्या वर्गात आठ जोड्या, आठ बाटल्या, आठ आकडे. मग सगळे आकडे वर्गाच्या एका सामाईक तक्त्यात जातात आणि प्रत्येक जण त्यावरून आपापला अहवाल लिहितो.

इथपर्यंत सगळे ठीक आहे. आकडे वाटून घेणे ही लबाडी नव्हे. एका जोडीला एका सकाळी जितके मोजता येते त्यापेक्षा वर्गाला जास्त मोजता येते, म्हणून तर वर्ग एकत्र जातो. खटकते ते पुढचे वाक्य. सोळाच्या सोळा अहवालांत ते थोड्याफार फरकाने सारखेच असते: 'काळू नदीच्या पाण्याचे आठ नमुने घेण्यात आले व त्यांचे परीक्षण करण्यात आले.' अगदीच आत्मविश्वासाचा विद्यार्थी असेल तर 'मी आठ नमुन्यांचे परीक्षण केले'. आणि शेवटच्या पानावर, 'सहकार्याबद्दल सर्व मित्रमैत्रिणींचे मनःपूर्वक आभार'.

आपल्याकडे या वाक्यांवर कोणी बोट ठेवत नाही. ठेवलेच तर ते प्रामाणिकपणाच्या नावाने, म्हणजे दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय घेऊ नये, एवढ्यापुरते. ते बरोबरच आहे, पण मला त्याहून वेगळी गोष्ट मांडायची आहे. कोणी मोजले ही माहिती त्या आकड्याचाच एक भाग असते. ती गाळली तर मित्रावर अन्याय होतोच, शिवाय आकडाही अर्धवट राहतो. हे समजण्यासाठी बाटलीपासूनच सुरुवात करावी लागेल.

या पद्धतीला विंकलरची पद्धत म्हणतात. ३०० मिलिलिटरची काचेची, घासून बसवलेल्या बुचाची बाटली पाण्यात हळूच तिरकी बुडवायची. पाणी कडेने सरकत आत गेले पाहिजे, गुडगुड आवाज करत नव्हे. बूच पाण्याखालीच लावायचे आणि बाटली उलटी करून आत एकही बुडबुडा नाही ना, हे पाहायचे. मग काठावरच, पिपेटचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून, २ मिलिलिटर मँगेनस सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड सोडायचे. बूच लावून हलवले की तपकिरी साका तयार होतो. पाण्यातला ऑक्सिजन त्या साक्यात अडकला. याला नमुना 'फिक्स' करणे म्हणतात. हे काठावरच करावे लागते, कारण साधे पाणी टिटवाळ्याहून आंबिवली, शहाड करत लोकलच्या गर्दीतून कल्याणला आणले तर वाटेत त्यातले जिवाणू ऑक्सिजन वापरत राहतात आणि प्रयोगशाळेत मोजलेला आकडा नदीचा न राहता प्रवासाचा होतो.

फिक्स केलेला नमुना काही तास टिकतो. प्रयोगशाळेत त्यात २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की साका विरघळतो आणि आयोडिनचा पिवळा-तपकिरी रंग येतो. त्यातले सुमारे २०० मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचे. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचे, निळा रंग येतो. तो निळा ज्या थेंबाला नाहीसा होतो तिथे थांबायचे. या मापात गंमत अशी की जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले, तितकाच दर लिटरला मिलिग्रॅममध्ये ऑक्सिजन. हिशेब जवळपास नाहीच. स्वच्छ पाण्यात २५ अंश सेल्सिअसला तो जास्तीत जास्त ८ च्या थोडा वर राहू शकतो. अंघोळीच्या घाटासाठी किमान ५ अपेक्षित असतो.

आता या एका आकड्याला किती हात लागले ते पाहा. बाटली भरणारा, फिक्स करणारा, ब्युरेट धरणारा, आकडा वाचणारा, वहीत टिपणारा. शिवाय थायोसल्फेटचे द्रावण आदल्या दिवशी करून त्याची तीव्रता तपासून ठेवणारे प्रयोगशाळा साहाय्यक. यांतला प्रत्येक हात आकडा थोडा वर किंवा खाली ढकलू शकतो, आणि प्रत्येक जण तो आपल्या विशिष्ट पद्धतीने ढकलतो. भरताना बुडबुडे आले तर हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळून आकडा वाढतो. निळा रंग गेल्यावरही सवयीने दोन थेंब जास्त सोडणाऱ्याचा आकडा वाढतो. आणि द्रावणाची तीव्रताच चुकली असेल तर आठही आकडे एकाच दिशेने चुकतात. आठ वेळा मोजून काहीही फायदा होत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण असे काठावर सहज घडू शकते. जानेवारीतली सकाळ, आठ वाजता रुंदे पुलाजवळ जमायचे ठरले. लोकल उशिरा आली आणि बरेच जण पोचेपर्यंत ऊन वर आले. तोवर आधी पोचलेल्या दोघांनीच आठही बाटल्या भरून फिक्स केल्या. पहिल्या चार 'अ'ने भरल्या, पुढच्या चार 'ब'ने. बाकीचे आले, आपापली बाटली उचलली, प्रयोगशाळेत जाऊन प्रत्येक जोडीने आपल्या बाटलीचे टायट्रेशन केले. तक्त्यात आठ आकडे आले: ६.१, ६.२, ६.२, ६.३, ६.८, ६.९, ६.७, ६.८. सरासरी ६.५.

अहवालात लिहिले जाते, 'आठ नमुन्यांची सरासरी ६.५'. वाचणारा समजतो, आठ जणांनी आठ वेळा नदीला विचारले आणि नदीने साधारण साडेसहा असे उत्तर दिले. आकड्यांमध्ये ६.१ पासून ६.९ पर्यंत फरक आहे, पण विद्यार्थ्यांच्या हातून तेवढे व्हायचेच, असे म्हणून तो पुढे जातो.

तक्त्यात एकच रकाना वाढवा: बाटली कोणी भरली. पहिल्या चारांची सरासरी ६.२ येते, दुसऱ्या चारांची ६.८. प्रत्येक गटातला आपसातला फरक जेमतेम ०.२ आहे, आणि दोन गटांमधला फरक ०.६. म्हणजे जोड्यांचे टायट्रेशन बरेच चांगले होते. विद्यार्थ्यांच्या हाताला उगाच दोष दिला. फरक पडला तो काठावर. साडेसहा हा आकडा तर एकाही बाटलीतून आलेला नाही. दोन वेगळ्या उत्तरांच्या मधोमध पडलेली ती एक जागा आहे. आणि नदीला आठ वेळा विचारले हेही खरे नाही. भरणारे हात दोनच होते, त्यामुळे भरण्यातल्या दोषापुरते बोलायचे तर आपल्याकडे आठ नव्हे, दोनच स्वतंत्र नमुने आहेत.

मग 'ब'चे चुकले का? घाई नको. कदाचित 'ब'ने बाटली गुडगुडत भरली असेल. कदाचित 'अ' काठाच्या संथ पाण्यात उभा होता आणि 'ब' पुलाच्या खांबाजवळ, जिथे पाणी खळाळते आणि हवा जास्त मिसळते. तसे असेल तर दोघांचेही बरोबर आहे आणि नदीबद्दल काहीतरी नवे कळले आहे. नुसत्या तक्त्यावरून हे ठरत नाही. 'अ' आणि 'ब'ला विचारावे लागते, आणि पुढच्या वेळी दोघांनी एकाच जागी शेजारी-शेजारी उभे राहून, मग जागा बदलून भरावे लागते. फरक माणसाबरोबर फिरला तर तो हाताचा, जागेबरोबर राहिला तर नदीचा. पण विचारायचे कोणाला हेच लिहून ठेवले नसेल, तर हा तपास सुरूच होऊ शकत नाही. महिन्याभराने अहवाल लिहायला बसल्यावर बाटल्या कोणी भरल्या हे कोणाच्याच लक्षात राहिलेले नसते.

विज्ञानाच्या इतिहासात याची एक प्रसिद्ध आणि थोडी दुःखद गोष्ट आहे. ग्रीनिच वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन हे मुख्य खगोलशास्त्रज्ञ आणि डेव्हिड किनेब्रुक हा त्यांचा साहाय्यक. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा नेमका कधी सरकतो हे घड्याळाचे ठोके कानांनी ऐकत, डोळ्यांनी पाहत टिपायचे काम. १७९५ मध्ये मॅस्केलाइनना दिसले की किनेब्रुकच्या नोंदी आपल्यापेक्षा सुमारे अर्ध्या सेकंदाने उशिराच्या आहेत. त्याला समज दिली. पुढे फरक ०.८ सेकंद झाला आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. मॅस्केलाइननी एक गोष्ट मात्र चांगली केली. हा सगळा प्रकार त्यांनी वेधशाळेच्या छापील नोंदींत लिहून ठेवला. वीसेक वर्षांनी कोनिग्सबर्गच्या फ्रीडरिश बेसेल यांच्या वाचनात तो आला. त्यांनी स्वतःच्या आणि इतर निष्णात निरीक्षकांच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांच्यातही असेच फरक निघाले, काही वेळा तर सेकंदाच्या आसपास. किनेब्रुक आळशी नव्हता. प्रत्येक माणसाचे डोळे आणि कान जुळायला थोडा वेगवेगळा वेळ लागतो, एवढेच. या फरकाला खगोलशास्त्रज्ञ पुढे 'वैयक्तिक समीकरण' म्हणू लागले आणि मोजमापांतून तो वजा करायला शिकले. ग्रीनिचच्या वहीत 'निरीक्षण करण्यात आले' एवढेच असते, तर बेसेलना वजा काय करायचे हेच कळले नसते.

हा 'करण्यात आले' आपल्या शास्त्रीय मराठीचा लाडका प्रयोग आहे. नमुने घेण्यात आले, द्रावण तयार करण्यात आले, सरासरी काढण्यात आली. कर्ता गुप्त. सरकारी परिपत्रकातून तो आपल्या जर्नलमध्ये कधी आला कोण जाणे, पण तटस्थ वाटतो म्हणून शिक्षकही तोच शिकवतात. एकट्याने केलेल्या प्रयोगात त्याने काही बिघडत नाही. सामाईक कामात मात्र कोणी काय केले हे तो सफाईने पुसून टाकतो, आणि खोटे बोलल्याचा आळही येत नाही. 'आम्ही'चीही तीच तऱ्हा. 'आम्ही मोजले' म्हणजे मी आणि माझी जोडीदार, की सोळा जणांचा वर्ग, की अहवाल लिहिणारा एकटाच, थोडे भारदस्त वाटावे म्हणून?

यावरचा उपाय कठीण नाही: वाक्याला कर्ता द्या. तिसऱ्या जोडीतल्या, फक्त टायट्रेशन केलेल्या विद्यार्थिनीने साधारण असे लिहावे:

'रुंदे पुलाजवळून घेतलेल्या आठ बाटल्यांपैकी १ ते ४ अ.ने आणि ५ ते ८ ब.ने भरल्या व काठावरच फिक्स केल्या. मी तेव्हा तिथे नव्हते. थायोसल्फेटची तीव्रता प्रयोगशाळा साहाय्यकांनी ठरवून दिली होती. बाटली ३ चे टायट्रेशन मी केले. आकडा माझ्या जोडीदाराने वाचला आणि टिपला. उरलेले सात आकडे वर्गाच्या सामाईक तक्त्यातून घेतले आहेत. ते त्या त्या जोड्यांनी मोजले. सरासरी, आलेख आणि निष्कर्ष माझे आहेत.'

प्रत्यक्ष अहवालात अ आणि ब यांच्या जागी नावे येतील. आठ वाक्ये, एक परिच्छेद, आणि त्याची जागा 'पद्धत' या भागात, शेवटच्या पानावर नव्हे. आभाराचे पान वाचून कोणी आकडा तपासत नाही. आलेखाखालच्या ओळीतही 'आकडे: वर्गातील आठ जोड्या; आलेख: लेखिका' एवढे असावे, कारण अहवालातून आलेख सुटा निघून भित्तिपत्रकावर, प्रदर्शनात, व्हॉट्सॲपवर फिरतो आणि त्याच्यासोबत फक्त तीच ओळ जाते.

'मी तेव्हा तिथे नव्हते' हे वाक्य मुलांना सर्वांत जड जाते. गुण कापले जातील अशी भीती असते. खरे तर तोंडी परीक्षेत हेच वाक्य त्यांना वाचवते. परीक्षकांनी विचारले, 'बाटली भरताना बुडबुडा राहिला होता का?' तर 'ती मी भरली नव्हती, ज्याने भरली त्याला मी विचारले, तो म्हणाला राहिला नव्हता' हे चांगले उत्तर आहे. सगळे आपणच केल्यासारखे लिहिले असेल तर याच प्रश्नाला एकतर बनवून सांगावे लागते किंवा गप्प बसावे लागते. अनुभवी परीक्षकाला दोन्ही ओळखू येते.

श्रेय कमी देण्यासारखीच जास्त देण्याचीही चूक होते, आणि ती प्रेमापोटी होते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. आजारी पडलेली मैत्रीण त्या दिवशी आलीच नव्हती, पण जोडी तिची म्हणून 'आम्ही दोघींनी मोजले' असे लिहून टाकायचे. तिच्यावर उपकार केल्यासारखे वाटते. पण आता तक्त्यातल्या एका आकड्यासमोर असे नाव आहे जिला त्या आकड्याबद्दल काहीही विचारून उपयोग नाही. ती आकडे टिपायला नव्हती आणि नंतर तिने आलेख काढून दिला असेल, तर तसे लिहावे. तिचे काम तिच्या नावाने, तेवढेच. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिची भूमिका साधारण हीच आहे: केवळ आकडे गोळा केले एवढ्याने कोणी लेखक ठरत नाही, पण त्याचे नाव, त्याने नेमके काय केले यासह, आणि त्याची परवानगी घेऊन नमूद करावे. 'त्याने नेमके काय केले यासह' हा त्यातला महत्त्वाचा तुकडा, आणि नेमका तोच आपल्या आभारांतून गळतो.

परवानगीचा मुद्दाही मोलाचा आहे. 'ब'चे आकडे वेगळे दिसतात, असे अहवालात लिहिण्याआधी 'ब'ला ते सांगायला हवे. काही मुले संकोच टाळायला सोपा मार्ग काढतात: 'ब'च्या चार बाटल्या गुपचूप वगळतात आणि 'चार नमुन्यांची सरासरी ६.२' असे लिहितात. दिसायला स्वच्छ, पण चार बाटल्या भरल्या गेल्या आणि मोजल्या गेल्या, हे वाचकापासून लपले. शिवाय त्या चार जोड्यांच्या चांगल्या टायट्रेशनवरही पाणी पडले. वगळायचेच असेल तर 'बाटल्या ५ ते ८ वगळल्या, कारण भरताना हवा मिसळल्याचे भरणाऱ्याने सांगितले. त्यांचे आकडे असे होते' असे उघड लिहावे. कारण मिळाले नसेल तर वगळू नये. दोन्ही सरासऱ्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात.

आरोग्याशी संबंधित प्रयोगांत एक वेगळी काळजी घ्यावी लागते. वर्ग एकमेकांचा रक्तदाब किंवा हिमोग्लोबिन मोजतो तेव्हा प्रत्येक आकड्यामागे दोन माणसे असतात: मोजणारा आणि ज्याचे मोजले तो. तक्त्यात मोजणाऱ्याचे नाव हवे, दुसऱ्याचे नको. त्याच्यासाठी फक्त क्रमांक. मोजणाऱ्याचे नाव का हवे, त्याचे उदाहरण रक्तदाबातच आहे. पाऱ्याच्या उपकरणावर दोन-दोनच्या रेषा असतात, त्यामुळे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ यांपैकी कोणताही साधारण सारख्याच वेळा यायला हवा, म्हणजे शून्य पाचांतून एकदा. प्रत्यक्षात माणसे १२०, १३०, ८० अशा गोल आकड्यांकडे ओढली जातात. डॉक्टर आणि परिचारिकांच्या नोंदींतही हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. नावांचा रकाना असेल तर कोणाचे शून्य जास्त येतात ते दोन मिनिटांत मोजता येते. नसेल तर वर्गातल्या निम्म्या मुलांचा रक्तदाब नेमका १२० आहे, असा शोध लागतो. याउलट, कोणाचे हिमोग्लोबिन ८ निघाले हे नावासकट प्रदर्शनातल्या फलकावर गेले, तर ज्या मुलीने विश्वासाने बोट पुढे केले तिच्याशी दगा झाला. आभार मानण्याच्या उत्साहात 'रक्त देणाऱ्या पुढील मैत्रिणींचे आभार' अशी यादी छापली, आणि वर्ग दहा जणींचा असला, तर तक्त्यातला क्रमांक कोणाचा हे ओळखायला फार डोके लागत नाही.

श्रेयाच्या गोष्टीत डीएनएच्या रचनेचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते सांगतानाही बहुतेकदा हीच चूक होते. प्रसिद्ध 'फोटो ५१' रोझलिंड फ्रँकलिन यांनी काढला, असे सर्रास लिहितात. मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात तो त्यांच्या मार्गदर्शनाखाली रेमंड गॉसलिंग या संशोधक विद्यार्थ्याने काढला. पुढे मॉरिस विल्किन्स यांनी तो फ्रँकलिन यांना न सांगता जेम्स वॉटसन यांना दाखवला, हा अन्याय जगजाहीर आहे. पण एप्रिल १९५३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या फ्रँकलिन यांच्या लेखावर गॉसलिंग यांचेही नाव आहे. फ्रँकलिन यांच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनी गॉसलिंगला विसरावे, ही त्यातली विचित्र गोष्ट. मूळ कागदावर नोंद नीट होती, म्हणून आज निदान ती दुरुस्त तरी करता येते.

कोणी म्हणेल, पदवीच्या वर्गातल्या पाच-दहा गुणांच्या प्रकल्पासाठी एवढा काथ्याकूट कशाला? यावर माझे उत्तर नदीकाठचेच आहे. काळूचे आकडे वर्गात राहत नाहीत. गावातले कोणी ते मागून घेतात, निवेदनाला जोडतात, 'विद्यार्थ्यांनी केलेल्या आठ चाचण्यांत' असे पत्रकात छापले जाते. पाण्याच्या बाबतीत कायदा किती काटेकोर आहे ते तेव्हा लक्षात येते. १९७४ च्या जलप्रदूषण नियंत्रण कायद्याचे कलम २१ पाहा. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, त्याच क्षणी तशी नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे आणि त्यावर नमुना घेणारा आणि जागेचा ताबेदार, दोघांच्याही सह्या घ्यायच्या. हे पाळले नाही तर त्या तपासणीचा निकाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पाणी कितीही घाण असो. विद्यार्थ्यांच्या बाटल्यांना हे कलम लागू नाही आणि त्यांचे आकडे न्यायालयासाठी नसतातही. पण 'ही बाटली कोणी भरली' हा पहिलाच प्रश्न त्यांनाही विचारला जातो, आणि समोरच्या बाजूचा माणूस तो अधिक तिखटपणे विचारतो. सोळा अहवालांत सोळा जण 'मी आठ नमुने तपासले' म्हणत असतील, तर त्याला फार काही करावे लागत नाही. सोळा गुणिले आठ, एकशे अठ्ठावीस नमुने झाले का, एवढे विचारले तरी पुरते.

यात मुलांपेक्षा जास्त जबाबदारी शिक्षकांची आहे, असे मला वाटते, कारण तक्ता तेच आखतात. आज बहुतेक तक्त्यांत दोन रकाने असतात: जोडी क्रमांक आणि आकडा. त्यात भरणाऱ्याचे नाव, फिक्स केल्याची वेळ, टायट्रेशन करणाऱ्याचे नाव आणि शेरा असे चार रकाने वाढवले की मुलांना वेगळे उपदेश करावे लागत नाहीत. अहवालातला परिच्छेद तक्त्यावरून आपोआप उतरतो. मात्र हा तक्ता काठावरच, पेनाने, त्याच वेळी भरायचा. संध्याकाळी ग्रुपवर 'कोणी कोणी काय केलं ते टाका रे' असा मेसेज टाकून नाही. गुणांची वाटणीही बदलावी लागेल. सामाईक आकड्यांना गुण देण्यात अर्थ नाही, ते सोळा जणांचे सारखेच असणार. त्या आकड्यांवर प्रत्येकाने काय विचार केला, दोन गट त्याला दिसले का, दिसल्यावर त्याने 'ब'ला जाऊन विचारले का, याला गुण द्यावेत.

आणि पुढच्या जानेवारीत काठावर जाताना पहाटेची लोकल पकडावी. सगळे पोचेपर्यंत कोणीही बाटली उघडू नये. पहिल्या फेरीत 'अ' आणि 'ब' दोघांनीही पुलाच्या खांबाजवळ एकेक बाटली भरावी, दुसऱ्या फेरीत दोघांनीही संथ पाण्यात. चार बाटल्या, चार लेबले, प्रत्येकावर भरणाऱ्याचे नाव, जागा आणि वेळ, पुसली न जाणाऱ्या शाईने. लेबल बाटलीवर लावावे, बुचावर नाही. प्रयोगशाळेत बुचे आपसात बदलतात.